तुमचे ठोके किती हो?

काय चाललंय काय हे! पूर्वी माणसं जिन्यात भेटली की "पाणी आलं का?" विचारायची, फार तर "मुलीचं कुठे जमलं का?" असा चिमटा काढायची. आता लिफ्टचं दार लागायच्या आत प्रश्न येतो, "तुमचे ठोके किती?" आणि समोरचा लाजतबिजत नाही. "६८," म्हणतो, "दिवाळीत ७६ होते." पगार विचारला तर ज्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात, ते लोक स्वतःच्या हृदयाचा हिशेब परक्यांना असा बिनदिक्कत सांगतात? काही जनाची, मनाची? छे, काळ फार वाईट आला हो! (पण ७६ वरून ६८? कसं जमवलं म्हणे?)

या सगळ्या अधःपाताचं मूळ आहे वजनकाट्यात. आपण सगळेच त्याच्या छळातून गेलोय. भात निम्मा केला, साखर सोडली, मुंजीत जिलबीकडे पाठ करून बसलो, रोज पहाटे चालायला गेलो, आणि काटा? ७४ म्हणजे ७४. ठाण मांडून बसलाय! मग कोणीतरी शहाण्याने सांगितलं, "काट्याचं सोडा, झोपेतून उठल्यावर नाडी मोजा." झालं! बुडत्याला काडीचा आधार मिळाला आणि अख्खी सोसायटी काडीला लोंबकळली.

खरं तर काट्याचाही दोष नाही. त्या बिचाऱ्याला चरबी, पाणी आणि कालची पावभाजी यांतला फरक कळतच नाही. स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाने जी साखर साठते, ती दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. नव्याने व्यायाम सुरू केला की ठणकणारे स्नायूही पाणी धरतात. आदल्या रात्री लोणचं-पापडावर ताव मारला असेल तर मिठापायी आणखी पाणी. बायकांच्या पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. एकाच माणसाचं वजन दोन दिवसांत किलो-दीड किलोने वरखाली होतं, त्यात कुणी नवल वाटून घेऊ नये. मग महिनाभर घाम गाळून अर्धा किलो चरबी गेली, तर ती या गोंधळात दिसणार कुठे? पण एवढं समजून घ्यायला सवड कुणाला आहे? आपल्याला हवा होता खाली जाणारा आकडा. कुठलाही चालेल, पण खाली जाऊ दे!

तर आता सकाळी ६ वाजता घरोघरी कसली समाधी लागते म्हणता? डोळे मिटलेले, उताणा देह, डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं. या काळात घरात कुणी बोलायचं नाही. दूधवाल्याने बेल वाजवायची नाही. वाजवलीच, तर "बारा ठोके वाढवलेस मेल्या!" ही ओवी ऐकायची. पद्धत म्हणाल तर सरळ आहे. जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी, चहाच्या आधी, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तर्जनी आणि मधलं बोट ठेवायचं आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. अंगठ्याने चाचपायचं नाही, कारण त्याची स्वतःची नाडी उडते आणि भलतीच बेरीज होते. आणि एका दिवसाच्या आकड्यावर नाचायचं नाही. आठवडाभराचे आकडे लिहून त्यांची सरासरी काढायची आणि ती पुढच्या महिन्याच्या सरासरीशी ताडून बघायची. पण सरासरीपर्यंत थांबेल तो भक्त कसला? इथे दिवसातून पाच-सहा वेळा मोजणारे आहेत. सासूबाईंचा फोन येण्याआधी आणि नंतर मोजून बघणाऱ्या एक बाई आम्हाला माहीत आहेत. निकाल त्या सांगत नाहीत, नुसत्या हसतात.

हे खूळ मुळातच पोकळ असतं तर टर उडवायला केवढी मजा आली असती! पण गोची अशी की त्यात तथ्य आहे. बसल्या जागी हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवतं. एका ठोक्याला ७० मिलिलिटर जात असेल तर त्यासाठी ७० च्या आसपास ठोके लागतात. काही आठवडे नेमाने दम लागेल असं चाललं की शरीरातलं रक्ताचं आकारमान थोडं वाढतं, हृदय जास्त भरतं आणि एका ठोक्यात जास्त ढकलतं. तेच ८० मिलिलिटर झालं की ६२-६३ ठोक्यांत काम उरकतं. बादली मोठी झाली की विहिरीच्या खेपा कमी, इतकं साधं आहे. त्यात आराम करायला लावणाऱ्या नसांचा लगामही घट्ट होतो. यातल्या कशालाच वजन उतरण्याची वाट बघावी लागत नाही. म्हणून काटा रुसलेला असताना नाडी बोलू लागते.

पण कुणाची नाडी काय बोलते हेही बघायला नको का? आमच्याकडे एक काका आहेत, निवृत्त, ताठ, मतं पक्की. त्यांचे ठोके ५६! पार्किंगमध्ये मैफल भरली की काका पायावर पाय टाकून सांगणार, "अहो, धावपटूंचे असे असतात." बरोबरच आहे, लांब पल्ल्याच्या धावपटूंचे ४० च्या आसपासही सापडतात. तरण्याताठ्या मुलांनी माना खाली घातल्या. दोघांनी काकांचा आहार विचारून घेतला. एकाने त्यांच्यासारखं पहाटे कोमट पाणी सुरू केलं. आणि मग एके दिवशी काकूंनी सहज सांगितलं, "ह्यांची रक्तदाबाची गोळी बदलली ना, तेव्हापासून आलेत ते छप्पनवर." गोळी होती मेटोप्रोलॉल, बीटा ब्लॉकर जातीची. तिचं कामच ठोके कमी करणं. म्हणजे श्रेय केमिस्टचं आणि हार काकांच्या गळ्यात! तेव्हापासून काका मैफलीत उशिरा येतात. उलट ज्यांचा आकडा अचानक आठ-दहाने वर गेला, अशा एका बाईंनी आपल्या व्यायामाला दोष देत दोन दिवस रडगाणं गायलं, तिसऱ्या दिवशी ताप चढला. अपुरी झोप, ताप, उन्हाळ्यात कमी पडलेलं पाणी, रात्रीचं मद्यपान, यातल्या कशानेही ठोके चढतात. निवांत असतानाही ते सतत १०० च्या वर राहत असतील, किंवा फार कमी होऊन चक्कर येत असेल, तर मात्र मैफल नव्हे, डॉक्टर.

एवढ्यावर भागलं असतं तर म्हटलं असतं चला, बोटांचा व्यायाम. पण आता आली सहा मिनिटांची चाल! ही चाचणी मुळात फुप्फुसांच्या आणि हृदयाच्या रुग्णांसाठी. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००२ मध्ये तिची नियमावली काढली, आणि दवाखान्यांतल्या लांब बोळांत ती सर्रास घेतली जाते. नियम एका श्वासात सांगता येतील: ३० मीटर सपाट कडक जमीन, दोन टोकांना खुणा, सहा मिनिटांत चालून जास्तीत जास्त अंतर कापायचं. पळायचं नाही. थांबलात तरी चालेल, घड्याळ थांबणार नाही. दवाखान्यातला हा गंभीर प्रकार आमच्या पार्किंगमध्ये आला आणि त्याची जत्रा झाली. गाड्या हलवायच्या म्हणून चालकांची धावपळ, फेऱ्या मोजायला चॉकलेटच्या बोलीवर नेमलेली नातवंडं, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात चालण्याच्या नावाखाली चाललेली चक्क पळापळ. कोणीतरी रात्री खुणेचा शंकू चार पावलं आत सरकवून ठेवला होता म्हणे. कोण, ते सगळ्यांना माहीत आहे. आपण कशाला नाव घ्या?

यातही मेख आहे. पहिल्या खेपेला वेग कसा राखायचा हेच कळत नसतं, सुरुवातीला सुसाट सुटून चौथ्या मिनिटाला जीभ बाहेर येते. दुसऱ्या खेपेला नुसत्या सवयीने अंतर वाढतं आणि माणूस पेढे वाटतो. म्हणून पहिली चाचणी सरावाची धरायची, मोजायची ती दुसरी, आणि नंतरची दर वेळी त्याच जागी, त्याच चपला-बुटांत, साधारण त्याच वेळी. आणि ज्यांना महिनाभरात हृदयविकाराचा झटका आलाय किंवा बसल्या जागी छातीत दुखतं, त्यांनी नातवंडांबरोबर फेऱ्या मोजाव्यात, चालू नये.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र हे सगळं नियमाने केलं, आणि म्हणूनच त्या सध्या सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतात. वय ५२, वजन ७४. सरावाची फेरी सोडून पहिलं अंतर ४३० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन सात पूर्ण फेऱ्या आणि वर दहा मीटर. सकाळच्या ठोक्यांची सरासरी ८२. मग आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगाने चालणं. दहा आठवड्यांनी काटा ७४ वरच! घरातल्यांनी हळहळ व्यक्त केली, नणंदेने जरा जास्तच. काकूंनी वही काढली. ठोके ७४. अंतर ४८५, आठ फेऱ्या आणि पाच मीटर. कमरेचा घेर ९६ सेंटीमीटरवरून ९२. श्वसनाच्या जुनाट विकारांच्या रुग्णांत ३० मीटरची वाढही अर्थपूर्ण धरतात, काकूंची तर ५५ ची होती, आणि त्या धडधाकट. कमरेचं म्हणाल तर भारतीय स्त्रियांसाठी ८० ही सीमा, म्हणजे अजून बरंच अंतर आहे, हे त्या स्वतःच सांगतात. नणंद तेव्हापासून फोनवर ठोके विचारते. वजन विचारत नाही.

आणि घड्याळवाले? त्यांच्याबद्दल काय बोलावं! मनगटावर वीस हजारांचा ऐवज, आणि सकाळी उठल्यावर तो सांगणार तेव्हा कळणार की आपल्याला बरं वाटतंय की नाही. एकाच्या घड्याळात ५९, दुसऱ्याच्यात ६४, आणि भांडण हृदयांचं. अहो, कुणाचं घड्याळ झोपेतले ठोके धरतं, कुणाचं जागेपणीचे. पट्टा सैल असला तर आणखी वेगळं. एकाच घड्याळाचे आपलेच आकडे महिन्या-महिन्याने ताडून बघायला ते चांगलं. शेजाऱ्याच्या घड्याळाशी लावाल तर नुसता मनस्ताप. पण शेजाऱ्यावर कुरघोडी करायची नाही तर घड्याळ घेतलं कशाला, हा प्रश्नही रास्तच आहे.

तेव्हा हसा खुशाल, आम्हीही हसतोय. फक्त हे वाचताना तुमची दोन बोटं मनगटावर गेली नाहीत असं खोटं सांगू नका. आता मोजलेला आकडा धरू नका, उद्या सकाळी चहाच्या आधी पुन्हा मोजा. आणि लिफ्टमध्ये आकडा सांगताना रक्तदाबाची गोळी कुठली चालू आहे, तेही त्याच श्वासात सांगा.