वर्तुळं रंगवता, मग आकडेही लिहा

डेटाबेसच्या कुठल्याही वर्गात जॉइनचा धडा आला की फळ्यावर एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं उमटतात. मधला भाग रंगवला की इनर जॉइन, डावं वर्तुळ पूर्ण रंगवलं की लेफ्ट आउटर, दोन्ही रंगवली की फुल आउटर. मुलं आकृती वहीत उतरवून घेतात आणि धडा संपतो. त्या वर्तुळांत नेमकं भरलंय काय, हे शिकवणारा सांगत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि मी ती गंभीरपणे करतो आहे.

जॉन वेन यांनी ही आकृती 1880 मध्ये तर्कशास्त्रासाठी मांडली. तिथे एकच वस्तू दोन्ही वर्तुळांत असू शकते. टेबलांचं तसं नसतं. समजा, एका सोसायटीची दोन टेबलं आहेत: एकात फ्लॅट, दुसऱ्यात मेंटेनन्सच्या पावत्या. फ्लॅटची ओळ आणि पावतीची ओळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे वर्तुळांत ओळी भरल्या तर मधला भाग कायम रिकामाच राहील. त्या भागात खरं तर फक्त जुळवायचे फ्लॅट क्रमांक असतात. ही एक गोष्ट सांगायची राहते आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

फ्लॅट पाच आहेत, 101 ते 105. पावत्याही पाच: 101 ची एक, 102 च्या दोन, कारण त्यांनी रक्कम दोन हप्त्यांत भरली, 103 ची एक, आणि एक अशी की जिच्यावर फ्लॅट क्रमांक लिहायचाच राहिला. आता वर्तुळं काढा. मधे 101, 102, 103 येतात. डावीकडे 104 आणि 105 उरतात. आकृतीकडे बघणारा म्हणेल, इनर जॉइनच्या ओळी तीन. येतात चार, कारण 102 ची एक ओळ दोन पावत्यांशी जुळते आणि दोनदा उमटते. लेफ्ट आउटरमध्ये या चार ओळींना 104 आणि 105 च्या दोन जोडल्या जातात; त्या दोघांसमोर पावतीचे रकाने रिकामे असतात. पाच फ्लॅटच्या सहा ओळी झाल्या. फ्लॅटच्या टेबलात प्रत्येकाचा मेंटेनन्स 2,000 रुपये असा रकाना धरून कोणी त्याची बेरीज मारली, तर 10,000 च्या जागी 12,000 येतात आणि सेक्रेटरी वार्षिक सभेत तोंडघशी पडतो. डावं वर्तुळ कितीही ठसठशीत रंगवा, हे जास्तीचे 2,000 त्यात दिसत नाहीत.

क्रमांक नसलेली पावती तर वर्तुळात बसवताच येत नाही. रिकामं मूल्य कशाशीच जुळत नाही, दुसऱ्या रिकाम्या मूल्याशीसुद्धा नाही. इनर आणि लेफ्टमधून ती गळते. फुल आउटरमध्ये मात्र ती सातवी ओळ होऊन येते, फ्लॅटचे रकाने रिकामे ठेवून. हिशेब तपासणाऱ्याला हवी असते ती नेमकी हीच ओळ.

नॅचरल जॉइनपुढे आकृती पुरतीच हात टेकते. इथे काय जुळवायचं हे आपण सांगत नाही. दोन्ही टेबलांत ज्या रकान्यांची नावं सारखी, ते सगळे जुळवले जातात. आज सारखा रकाना फ्लॅट क्रमांकाचा एकच आहे, म्हणून इनर जॉइनच्याच चार ओळी येतात, फक्त क्रमांकाचा रकाना एकदाच दिसतो. उद्या कोणी दोन्ही टेबलांत ‘नोंद तारीख’ असा रकाना वाढवला, की क्रमांकासोबत तारीखही जुळावी लागते. फ्लॅटची नोंद सोसायटी झाली तेव्हाची, पावतीची गेल्या महिन्यातली. एकही ओळ येत नाही आणि चूक दाखवणारा संदेशही येत नाही. वर्तुळांतल्या वस्तूच बदलल्या आहेत, पण फळ्यावरचं चित्र जसंच्या तसं आहे. उलट, एकही नाव सारखं नसलं, तर चित्रावरून वाटेल की वर्तुळं सुटी आहेत, काहीच येणार नाही. प्रत्यक्षात प्रत्येक फ्लॅट प्रत्येक पावतीशी जोडला जातो आणि 25 ओळी येतात. चालू कामाच्या क्वेरीत नॅचरल जॉइन वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्तुळं टाकून द्या असं मी म्हणत नाही. कोण राहतं आणि कोण गळतं हे ती चटकन दाखवतात. पण वर्तुळात क्रमांक लिहा आणि प्रत्येकाशेजारी त्याच्या डावीकडे किती ओळी आहेत, उजवीकडे किती, हे मांडा: 101 ला एक आणि एक, 102 ला एक आणि दोन, 103 ला एक आणि एक. गुणाकार करून बेरीज घ्या, चार येतात. 102 चे दोन सहमालक वेगवेगळ्या ओळींत नोंदवले असतील तर दोन गुणिले दोन, म्हणजे त्या एका फ्लॅटच्या चार ओळी होतील, हेही तिथेच कळतं. शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे, खडू हातात आहेच, तर रंग भरण्याआधी हे आकडे लिहा.