खुलासा

दरवर्षी ऑगस्टमध्ये एखाद्या कंपनीची शॉर्टलिस्ट लागली, की आमच्या प्लेसमेंट सेलच्या दारात एक मुलगा उभा राहतो. नाव दरवर्षी वेगळं असतं, पण मुलगा तोच. होस्टेलवर त्याला ‘खुलासा’ म्हणतात. जेवायला उशीर का झाला विचारलं, तर हा आदल्या रात्रीच्या पावसापासून सुरुवात करतो.

यंदाच्या खुलाशाचं नाव यादीत चौथं होतं. पेढे आणायचे सोडून तो घाम पुसत आला. “सर, एचआर मॅडमचा मेल आलाय. ॲक्टिव्ह बॅकलॉगची स्थिती कळवा म्हणतायत. मी सविस्तर उत्तर लिहिलंय.”

सविस्तर म्हणजे साडेतीन पानं. इंग्रजीत, पण आत्मा अस्सल आपल्याकडचा. थिअरी ऑफ कम्प्युटेशन हा पाचव्या सेमचा विषय राहिला होता, एवढंच सांगायचं होतं. त्यासाठी आधी कावीळ आली, मग वडिलांची बदली, मग पेपर सिलॅबसबाहेरचा कसा होता ते. पुढे परीक्षकांच्या मनोवृत्तीवर एक परिच्छेद आणि शेवटी काविळीचं सर्टिफिकेट, लॅबच्या रिपोर्टसकट. मॅडमना एका ओळीचं उत्तर हवं होतं, यानं त्यांना बिलिरुबिन कळवलं होतं.

“पुन्हा परीक्षा दिलीस का?” मी विचारलं.

“मे महिन्यात दिली, सर. निकाल बाकी आहे. पेपर इतका छान गेलाय की...”

“हे मेलमध्ये कुठाय?”

होतं. तिसऱ्या पानाच्या तळाशी, काविळीनंतरच्या अशक्तपणाच्या ओघात.

तासाभरानं तो दुसरा मसुदा घेऊन आला. या जातीला मधला रस्ता माहीत नसतो. आता दोनच ओळी होत्या: सर्व विषय सुटलेले आहेत, कळावे. “सुटणारच आहे ना, सर!” सुटेलही. पण निकाल लागेपर्यंत तो विषय राहिलेलाच. कंपन्या रुजू करून घेताना सगळ्या सेमच्या मार्कलिस्ट मागतात आणि पडताळणीत मेल नि मार्कलिस्ट जुळली नाही, की नोकरी जाते. ती नापास झाल्याबद्दल जात नाही, खोटं सांगितल्याबद्दल जाते. आमच्याकडची एक मुलगी दोन बॅकलॉग आधीच सांगून आज मजेत नोकरी करतेय. तिच्याच वर्गातला एक पठ्ठ्या एकच लपवून घरी बसला.

मग मी त्याचा भरलेला फॉर्म उघडला. बारावीला ५९.८ टक्के, फॉर्मवर ६०.

“राउंड ऑफ केलं, सर. गणितात चालतं.”

“कंपनीची अट ६०ची आहे. तिथं नाही चालत.”

गणिताचं नाव निघालंच, म्हणून मी एम-थ्रीबद्दल विचारलं. तो दुसऱ्या प्रयत्नात सुटला होता; सुटल्याशिवाय शेवटच्या वर्षाला बसताच आलं नसतं. पण ‘आधीचे बॅकलॉग’ या रकान्यात यानं शून्य भरलेलं. “सुटला म्हणजे संपला ना?” राहिलेल्याचा रकाना वेगळा आणि राहून सुटलेल्याचा वेगळा, हे त्याला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तीन वर्षं तो स्वतःच बोलत होता, त्यामुळे ऐकायला सवड झाली नसावी.

शेवटी आम्ही दोघांनी मिळून मेल लिहिला. मराठीत साधारण असा:

‘आपल्या विचारणेनुसार: पाचव्या सेमचा थिअरी ऑफ कम्प्युटेशन हा एक विषय बाकी आहे. मे महिन्यात पुन्हा परीक्षा दिली असून निकाल लागलेला नाही. हॉलतिकीट जोडलं आहे. फॉर्ममधील दोन दुरुस्त्या: बारावीचे गुण ५९.८ टक्के आहेत, ६० नव्हेत. गणित-३ हा विषय दुसऱ्या प्रयत्नात सुटला आहे, तो नोंदवायचा राहिला. दोन्ही चुकांबद्दल दिलगीर आहे. निकाल लागताच मार्कलिस्ट पाठवतो.’

खाली नाव, रोल नंबर, कंपनीनं दिलेला उमेदवार क्रमांक. प्रत आमच्या टीपीओ सरांना, म्हणजे उद्या कंपनीनं कॉलेजला विचारलं तर कॉलेज तोंडघशी पडत नाही. ५९.८वरून त्याचं नाव कटू शकतं, हे मी त्याला बजावलं. कंपनी अट सैल करते किंवा नाही करत. ते त्यांच्या हातात.

“कावीळ एका ओळीत तरी...” तो म्हणाला.

“विचारली तर.”

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: नोंद घेतली, मुलाखत ठरल्याप्रमाणे, निकाल कळवा. खुलासा धावत आला. मला वाटलं, आता तरी पेढे.

“सर, ‘नोंद घेतली’ हे जरा कोरडं नाही वाटत? त्या रागावल्या तर नसतील? एक छोटा मेल टाकू का?”

मी त्याच्या हातून माउस काढून घेतला.

निकाल मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी लागला. १०० पैकी ४३, पास. त्यानं मार्कलिस्ट लगेच पाठवली, प्रत टीपीओ सरांना, सगळं शिकवल्याप्रमाणे. फक्त खाली ताजा कलम होता: प्रत्यक्षात ६५ अपेक्षित होते, त्याची कारणं सोबतच्या दोन पानांत.