बिलाची हुबेहूब नक्कल: नवनियुक्त खजिनदारासाठी मार्गदर्शन

सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘कोणीतरी घ्यायलाच हवं’ एवढ्या एकाच मुद्द्यावर एकमत होऊन खजिनदारपद ज्यांच्या गळ्यात पडले, त्यांच्या मार्गदर्शनासाठी हे टिपण आहे. आपले हिशेबतपासनीस पहिल्याच भेटीत सांगतील, ‘बिलावर जसं आहे तसंच नोंदवहीत उतरवा, स्वतःचं डोकं लावू नका.’ ही आज्ञा शिरोधार्य मानून रक्कम कशी उतरवावी, एवढाच आपला विषय. जीएसटी, व्हाउचर आणि प्लंबरचा स्वभाव यांचा विचार इथे केलेला नाही.

प्रथम चिन्ह पाहावे. ते ₹ असेल, ₨ असेल, रु. असेल, रू. असेल, Rs, Rs. किंवा INR असेल. रूमधला दीर्घ ऊ पाहून हात शिवशिवतील, पण दुकानदाराचे शुद्धलेखन सुधारणे हे खजिनदाराचे काम नव्हे. तो ऊ दीर्घच उतरवावा. संगणकावर काढलेल्या बिलात रकमेआधी ` अशी तिरपी टिकली दिसली, तर ती छपाईतली घाण समजून पुसू नये. केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी ₹ हे चिन्ह स्वीकारले, तेव्हा कीबोर्डावर त्याला जागाच नव्हती. मग एक फॉन्ट निघाला. त्यात ह्या टिकलीच्या जागी रुपया बसवला होता. ज्या संगणकात तो फॉन्ट आहे तिथे रुपया दिसे, जिथे नाही तिथे उघडी टिकली. त्या काळात केलेला नमुना काही दुकानांत अजून चालू आहे, म्हणून पाण्याच्या टाकीच्या सफाईचे बिल ` 1800 असे येते.

टिकलीऐवजी ?350 असे छापून आले, तर दुकानदाराला स्वतःच्याच भावाबद्दल शंका आहे असा अर्थ काढू नये. बिल काढणाऱ्या छोट्या प्रिंटरच्या अक्षरसंचात रुपया नसतो, आणि जे अक्षर ओळखता येत नाही त्याच्या जागी तो प्रश्नचिन्ह ठोकतो. त्याहून भारदस्त प्रकार म्हणजे â‚¹350. एका पद्धतीने साठवलेला रुपया दुसऱ्या पद्धतीने वाचला की त्याचे असे तीन तुकडे होतात. तिन्ही तुकडे वहीत उतरवावेत. हाताने लिहिताना पहिल्या अक्षरावरची टोपी विसरू नये.

हाताने लिहिलेले ₹ मात्र खरोखर धोक्याचे. घाईत वरची एक रेघ गळली की ते 7 सारखे दिसते, आणि ₹150 ची 7150 होते. शेवटी लागणारी /- हीसुद्धा तशीच. तिरकी रेघ जरा सरळ पडली की 500/- चे 5001 होतात. आणि बिलावर मराठी आकडे असतील तर १५ कडे दोनदा पाहावे, कारण इंग्रजी आकड्यांची सवय झालेल्या डोळ्याला तो १ झटकन 9 दिसतो. संशय आला की ‘अक्षरी रुपये’ ही ओळ शोधावी. धनादेशावर आकडा आणि अक्षर जुळले नाही तर १८८१ च्या कायद्यानुसार अक्षरी रक्कम धरतात. बिलाला तो कायदा लागू नाही, पण सात हजार एकशे पन्नास चुकून अक्षरांत लिहिणारा हार्डवेअरवाला सहसा सापडत नाही.

आता पैसे. हा विषय सोपा वाटतो, कारण पैसे कोणाच्या खिशात दिसत नाहीत. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले, पन्नास पैशांचे कायद्याने अजून चालते, रिक्षावाल्याने चालत नाही. पण बिलबुकात ‘रु.’ आणि ‘पै.’ हे दोन रकाने अजूनही छापलेले असतात, आणि पै. चा रकाना मोकळा पडलेला कोणाला पाहवत नाही. कोणी तिथे 00 लिहितो, कोणी आडवी रेघ मारतो, कोणी 350=00 असे बरोबरचे चिन्ह लावतो. खरी गंमत मोठ्या अक्षराच्या माणसाची. त्याच्या 350 तला 3 रु. मध्ये बसतो आणि 50 रेघ ओलांडून पै. मध्ये जातो. वही इमानदारीने लिहिली तर प्लंबरने गळती साडेतीन रुपयांत काढलेली असते.

झेरॉक्सवाला ‘दर ₹ 0.75 पैसे’ असे लिहितो. बिंदू आणि ‘पैसे’ दोन्ही एकदम लिहिल्यामुळे हा दर पाऊण पैसा होतो. सभेच्या सूचनेच्या १२० प्रतींचे त्या हिशेबाने नव्वद पैसे झाले. त्याने घेतले नव्वद रुपये. दर बिलावर आहे तसाच लिहावा, रक्कम दिली तेवढी लिहावी, आणि तपासनिसांनी दोन्हींचा गुणाकार करू नये अशी प्रार्थना करावी.

‘राउंड ऑफ’ ही ओळ वगळू नये. ४२३ रुपयांच्या मालावर नऊ आणि नऊ टक्के कर लागला, की बेरीज ४९९.१४ येते. खाली (-)0.14 आणि त्याखाली 499 असते. तो कंसातला वजा नजरेतून निसटला की वहीत ४९९.२८ पडतात, आणि अठ्ठावीस पैशांचा फरक शोधण्यात रविवार जातो.

इथवर कागदी वहीचे झाले. नोंदवही एक्सेलमध्ये ठेवत असाल, तर हुबेहूब नक्कल म्हणजे काय ते एका महिन्यातच कळेल. समजा चार बिले आहेत: हार्डवेअर Rs. 499/-, झेरॉक्स 90, पूजेची उदबत्ती 12-50 आणि प्लंबर रु. ३५०/- फक्त. एकूण ९५१ रुपये ५० पैसे. चारही जशीच्या तशी टाइप करून बेरीज मागावी. पहिल्यात आणि चौथ्यात अक्षरे आहेत म्हणून एक्सेल त्यांना आकडा मानत नाही आणि मुकाट्याने सोडून देतो. 90 घेतो. 12-50 पाहिल्यावर त्याला उदबत्ती आठवत नाही, डिसेंबर १९५० आठवतो. तो तारखा १९०० पासूनच्या दिवसांच्या मोजणीने साठवत असल्यामुळे ती तारीख आतून १८,५९८ असते. बेरीज १८,६८८. हार्डवेअर आणि प्लंबर फुकट, उदबत्ती साडेअठरा हजारांची.

उपाय असा. दोन रकाने करावेत. पहिल्याचे नाव ‘बिलावर जसे आहे तसे’, आणि तो आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावा. ते जमत नसेल तर नोंदीआधी एक अवतरणचिन्ह द्यावे:

```
'12-50
```

हे चिन्ह सेलमध्ये दिसत नाही आणि उदबत्ती १९५० ला जात नाही. दुसऱ्या रकान्यात फक्त आकडा, 12.5, त्याला ना रुपया ना रेघ, आणि बेरीज याच रकान्याची. तपासनिसांनी दुसऱ्या रकान्याबद्दल विचारलेच, तर तिथे डोके तुम्ही नाही, यंत्राने लावले आहे असे सांगावे.

एक प्रकार राहिला. सुरक्षारक्षकाने चहा आणला, की चहावाला सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर नुसते 40 लिहून देतो. पुढेमागे काही नाही. हे चाळीस कशाचे, असा प्रश्न पडला तरी पुठ्ठ्यावर रु. लिहू नये, ती खाडाखोड ठरते. पुठ्ठा व्हाउचरला स्टेपल करावा, पहिल्या रकान्यात 40, दुसऱ्या रकान्यातही 40. दोन्ही रकाने जुळणाऱ्या महिन्यातल्या मोजक्या नोंदींपैकी ही एक असते, आणि आक्षेप नेमका हिच्यावरच येतो, कारण पुठ्ठ्यावर तारीख नसते.