स्वस्त लॅपटॉपच्या बॉक्सवर नसलेली माहिती

ऑनलाइन तासांसाठी लॅपटॉप घेणाऱ्या शिक्षकाला ज्या गोष्टी विचारायच्या असतात, त्या बॉक्सवर छापलेल्या नसतात. जाड अक्षरात ‘एचडी कॅमेरा’ असतो, ‘दिवसभर बॅटरी’ असते. रॅम वाढवता येते का आणि साठवण कोणत्या प्रकारची आहे, हे मात्र दुकानदारालाही बॉक्स फिरवून शोधावे लागते. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

मी पनवेलला दहावीचे गणित शिकवतो. पावसाळ्यात नेरे, वावंजे, मोर्बेकडच्या मुलांना संध्याकाळी शिकवणीला येणे अवघड जाते, म्हणून त्यांचे तास ऑनलाइन घेतो. त्या वेळी लॅपटॉपवर चार गोष्टी एकदम चालू असतात : गूगल मीट, बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ, पेन टॅब्लेटने लिहायचा फळा आणि हजेरीची शीट. या कामासाठी मी तीन प्रकारचे लॅपटॉप वापरून पाहिले.

पहिला प्रकार सगळ्यांत स्वस्त, नवा कोरा : दोन कोअरचा सेलेरॉन, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी साठवण. वजनाला हलका असतो, बहुधा पंखा नसल्याने आवाज नाही आणि टायपिंगपुरता तो ठीक चालतो. पण ४ जीबीतली दोन-अडीच जीबी विंडोजच घेते. उरलेल्या जागेत मीट आणि पीडीएफ मावत नाहीत, मग विंडोज तात्पुरता मजकूर साठवणीवर टाकते आणि ईएमएमसी ही एसएसडीपेक्षा बरीच मंद असते. वर्तुळाला स्पर्शिका काढायला घेतली की पेन पुढे जाते आणि रेघ मागून येते. स्क्रीन शेअर केल्यावर आवाज तुटतो. मुले म्हणतात, ‘सर, तुमचं नेट गेलं.’ नेट गेलेले नसते. हे तपासायला तास चालू असतानाच Ctrl+Shift+Esc दाबून Performance पाहावे. CPU १०० टक्क्यांवर आणि Memory नव्वदीच्या पुढे असेल, तर दोष यंत्राचा आहे. वायफायवाल्याशी भांडून उपयोग नाही. यातली रॅम बहुतेक वेळा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, त्यामुळे पुढे वाढवताही येत नाही.

दुसरा प्रकार कंपन्यांतून निघालेले, दुरुस्त करून विकले जाणारे लॅपटॉप : आय५, ८ जीबी रॅम, एसएसडी. शिकवायला हे पहिल्यापेक्षा कितीतरी सरस, कळफलकही दणकट. पण दोन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या सातव्या पिढीच्या बहुतेक चिपवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणून आठवी पिढी किंवा पुढचीच घ्यावी. दुसरी गोष्ट बॅटरी. कमांड प्रॉम्प्टवर हे टाइप करावे :

```
powercfg /batteryreport
```

तयार झालेल्या अहवालात DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY असे दोन आकडे दिसतात. समजा ४५,००० पैकी २७,००० उरले असतील, तर बॅटरी साठ टक्क्यांची झाली. पावसात वीज गेली की तासाचा भरवसा या आकड्यावरच असतो. राऊटरला छोटा यूपीएस लागतो तो वेगळाच.

तिसरा प्रकार नवा आय३ किंवा रायझन ३, ८ जीबी रॅम, एसएसडी. वरच्या चारही गोष्टी यावर सुरळीत चालतात. पण यातही रोजची कटकट आहे. कॅमेरा ७२०पीचा, ट्यूबलाइट पाठीमागे असेल तर चेहरा काळा दिसतो, म्हणून दिवा समोर ठेवावा. माइक आणि हेडफोनला एकच भोक, त्यामुळे दोन पिनांच्या जुन्या हेडसेटला वेगळा जोड विकत घ्यावा लागतो. आणि काही मॉडेलांत पॉवरचे बटण Delete च्या शेजारीच बसवलेले असते. चुकीचा आकडा खोडताना बोट सरकते, लॅपटॉप झोपतो आणि वर्ग थांबतो. कंट्रोल पॅनेलमधल्या Power Options मध्ये या बटणाला Do nothing करून ठेवता येते, पण शिक्षकाने ते शोधत का बसावे? बटण चार बोटे लांब बसवायला किती खर्च आला असता?

माझा निर्णय असा : बजेट असेल तर तिसरा, नसेल तर बॅटरी आणि पिढी तपासून दुसरा. पहिला प्रकार तास घेण्यासाठी घेऊच नये, कितीही स्वस्त मिळाला तरी. खरेदीला जाताना आपली पीडीएफ पेनड्राइव्हवर न्या, दुकानातच मीट सुरू करून स्क्रीन शेअर करा, आणि ‘रॅम वाढवता येते, साठवण एसएसडी आहे’ हे बिलावर लिहून घ्या. दुकानदार लिहून देत नसेल, तर दुसरे दुकान गाठा.