म्यूटलाही कान असतात

रात्रीचे पावणेबारा. एमपीएससीच्या अभ्यासाचा टेलिग्राम ग्रुप, सदस्य सहा हजारांच्या वर. बहुतेक पोरांनी तो कधीचाच म्यूट केलेला, कारण दिवसभर तिथे 'सर, आन्सर की आली का' याखेरीज फारसं काही येत नाही. आणि अचानक पुण्यातल्या पेठांमधल्या कॉट बेसिसच्या खोल्यांत एकाच वेळी फोन थरथरतात. जाहिरात आली? परीक्षा पुढे गेली?

छे. ॲडमिनने टेस्ट सिरीजची सवलत पिन केली.

'अरे, म्यूट केला होता ना?' केला होता. पण टेलिग्रामवर ग्रुपमधला पिन म्यूटला जुमानत नाही, आणि कंपनीने ते लपवलेलंही नाही. संदेश पिन करताना ॲडमिनसमोर एक चौकट येते: Notify all members. तिथे खूण असली की म्यूटवाल्यांचाही फोन वाजतो. खूण काढली की पिन गुपचूप लागतो. म्हणजे तुमची झोप आणि सवलतीची जाहिरात यांच्यात फक्त एक टिचकी उभी आहे. ती मारणारा ॲडमिन तुम्ही पाहिलाय?

गंमत पुढेच आहे. त्याच टेलिग्रामवर चॅनेल असेल, म्हणजे ॲडमिन बोलणार आणि बाकीचे ऐकणार, तर तिथला पिन कायम मुका असतो. ॲडमिनला वाजवायचा असला तरी वाजत नाही. क्लासवाल्यांना हे ठाऊक नसेल असं म्हणवत नाही. एरवी जिथे विद्यार्थ्यांनी बोलणं अपेक्षितच नाही, तिथेही 'ग्रुप'च का काढतात?

असो. काढला असेल चुकून.

आता हे ॲपवाले मुळात मूर्ख नाहीत. त्यांचा हिशोब साधा आहे. माणूस ग्रुप म्यूट करतो तो गलबल्याला कंटाळून. पण त्याच गलबल्यात कुणी त्याला नावानिशी हाक मारली, तर ती त्याला कळायला हवी. म्हणून व्हॉट्सॲपने २०१६ साली @ लावून नाव घेण्याची सोय आणली, तेव्हाच हे ठरवून टाकलं: ग्रुप म्यूट असो, नाव घेतलं की फोन वाजणार. टेलिग्रामही तेच करतं. तुमच्या संदेशाला कुणी रिप्लाय केला, तरी तेच.

इथवर सगळं शहाणपणाचं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, सगळ्यांचीच नावं एकदम घेतली तर?

संपलं शहाणपण.

व्हॉट्सॲपवर हे काम वर्षानुवर्षे हाताने चालायचं. @ दाबा, यादीतून नाव निवडा, पुन्हा @ दाबा. एका सोसायटीचे सेक्रेटरीकाका दोनशे नावं अशी एकेक करून वेचायचे, वर त्या निळ्या अक्षरांचा ढिगारा, आणि ढिगाऱ्याच्या तळाशी बातमी: 'उद्या टाकी साफ होणार.' चष्मा पुसत, अंगठा दुखवत केलेलं काम. वैताग यायचा, पण एक मान्य करू: दोनशे नावं वेचायची तर माणूस निदान दोनदा विचार करतो. २०२५ मध्ये व्हॉट्सॲपच्या चाचणी आवृत्त्यांत @all दिसू लागलं. चार अक्षरं, काम फत्ते. आता काकांच्या अंगठ्याला आराम आणि विचाराला सुट्टी.

टेलिग्रामवर @all असं काही नाहीच. म्हणून काय लोक गप्प बसले? त्यांनी बॉट आणले. ॲडमिनने आज्ञा टाकली की बॉट सदस्यांची नावं थोडी थोडी गोळा करतो, एकेका संदेशात एकेक गठ्ठा भरतो आणि ओळीने सोडत राहतो. मोठ्या ग्रुपात अशा संदेशांची रांगच लागते. यातला एकच तुमचा, बाकीचे शेजाऱ्यांचे. तुमचा कोणता हे शोधायला ग्रुपच्या नावापाशी @ अशी खूण येते. आत गेलात की तीच खूण कोपऱ्यात असते, ती दाबली की थेट आपल्या नावापाशी पोचता.

ही खूण तेवढी लक्षात ठेवा. 'म्यूट बिघडलंय' असं म्हणत फोन दुकानात नेण्याआधी ती आहे का बघा. असेल, तर फोन ठीक आहे. ॲडमिन बघा.

तर प्रश्न असा: सगळ्यांना मारलेली हाक ही 'नावाने मारलेली हाक' धरायची, की गलबला? गंमत म्हणजे यावर कंपन्यांचंच एकमत नाही. प्रत्येकाने आपापला कौल देऊन ठेवलाय आणि आपण मात्र सगळीकडे एकच म्यूटचं बटण दाबून निश्चिंत.

डिस्कॉर्ड घ्या. इंजिनिअरिंगच्या पोरांचा आणि गेम खेळणाऱ्यांचा अड्डा. तिथे @everyone लिहिलं की सगळे जागे, @here लिहिलं की त्या घडीला ऑनलाइन असलेले. सर्व्हर म्यूट केला तरी 'तुमचा उल्लेख' आत शिरतो, आणि @everyone हाही उल्लेखच. मग यातून सुटका? आहे की. सर्व्हरच्या Notification Settings मध्ये वेगळा खटका आहे: Suppress @everyone and @here. तो दाबला की सामुदायिक हाक अडते, खास तुमचं नाव घेतलं तर मात्र कळतं. म्हणजे हवं ते आहे, फक्त म्यूटच्या बटणात नाही. शेजारी आहे. सांगितल्याशिवाय दिसत नाही.

डिस्कॉर्डवर @everyone वापरायला परवानगीही लागते. नसेल, तर लिहिलेलं नुसतं अक्षर उरतं, कुणाचा फोन वाजत नाही. हे ठाऊक नसलेला एखादा फर्स्ट इयरवाला पाचदा @everyone लिहून 'कुणी उत्तरच देत नाही' म्हणून रुसतो. रुसू द्या. ज्या सर्व्हरवर त्याला ती परवानगी आहे, तिथले लोक जास्त रुसलेत.

आणि काही बहाद्दर सगळ्यांना हाक मारतात, मग घाबरून संदेश पुसतात. त्याचा उपयोग? फोन वाजायचा तो वाजून गेलेला असतो. उठलेला माणूस आत जाऊन बघतो तर काहीच नाही. याला पोरं 'घोस्ट पिंग' म्हणतात. उलटं मात्र बिनधोक: आधी साधा संदेश टाकून मग संपादन करून त्यात @everyone घुसवलं, तर कुणाचाच फोन वाजत नाही. ज्यांना हे कळलंय ते शहाणे ॲडमिन. दोन-तीन असतील.

आता स्लॅक. ऑफिसवाल्यांचं. तिथे @channel म्हणजे चॅनेलमधले झाडून सगळे, @here म्हणजे सध्या कामावर दिसणारे. पण तुम्ही चॅनेल म्यूट केलं असेल, तर या दोन्ही हाका तुमच्यापर्यंत वाजत येत नाहीत. तुमचं स्वतःचं नाव घेतलं तरच खूण उमटते. स्लॅकने सरळ ठरवलंय की सगळ्यांना मारलेली हाक म्हणजे गलबला. वर, चॅनेलात सहा किंवा जास्त माणसं असतील तर पाठवणाऱ्याला आधी विचारलं जातं: इतक्या लोकांना, इतक्या टाइम झोनमध्ये कळवताय, नक्की ना? हिंजवडीतून दुपारी चारला हाक मारणाऱ्याला तेव्हा आठवतं की कॅलिफोर्नियात पहाट आहे.

आठवतं. पाठवतो तरीही. पण निदान ज्याने म्यूट केलंय तो झोपलेला राहतो.

सिग्नलने कौल दिलाच नाही, तुमच्यावरच सोपवलं. ग्रुप म्यूट केल्यावरही नाव घेतलं तर कळवायचं की नाही, याचा पर्याय प्रत्येक ग्रुपच्या सेटिंगमध्ये. इतकी साधी गोष्ट. मग बाकीच्यांना का सुचत नाही? सुचते. पण फोन वाजला की माणूस ॲप उघडतो, आणि ॲप उघडणं कुणाला नकोय?

'पण अहो, कधीकधी खरंच गरज असते ना!' असते. इमारतीत गॅस गळतोय, लिफ्टमध्ये कुणी अडकलंय, पाण्यात काहीतरी मिसळलंय. अशा वेळी म्यूट भेदून जाणारी हाक हवीच, आणि म्हणूनच ती राखून ठेवायची. टाकी, हळदीकुंकू, 'लाल गाडी कुणाची' आणि सेक्रेटरींच्या मेव्हण्याचं नवं दुकान, या सगळ्याला तीच हाक वापरली की लांडगा खरंच येतो तेव्हा लोकांनी ग्रुप सोडलेला असतो. मग गॅस कुणाला सांगणार? मेव्हण्याला?

तोवर आपण काय करायचं? अँड्रॉइडवर टेलिग्राम असेल तर Notifications and Sounds मध्ये खाली जा, Pinned Messages चा खटका बंद करा. सगळ्या ग्रुपांचे पिन एका दमात गार. 'मग परीक्षा खरंच पुढे गेली तर?' आयोग ते आपल्या संकेतस्थळावर टाकतो, बाळा. त्याला तुझ्या ॲडमिनचा पिन लागत नाही.

व्हॉट्सॲपवर ग्रुप म्यूट करून भागत नसेल तर हाक मारणाऱ्याचं वैयक्तिक चॅटही म्यूट करा. ही युक्ती २०१६ पासूनची आहे. काकांना कळत नाही, संबंध बिघडत नाहीत. आणि रात्री फोनचंच डू नॉट डिस्टर्ब लावा. ग्रुपचं म्यूट ॲपच्या हातात असतं, त्यात कुणाला आत सोडायचं ते ॲप ठरवतं. फोनचं कुलूप तुमच्या हातात. तिथे पिनवाला आणि बॉटवाला दोघेही बाहेरच.

एवढं करूनही काका ऐकत नसतील तर त्यांच्याच नियमाने जा. रिप्लायही म्यूट भेदतो, हे वर आलंच आहे. टाकीच्या त्या संदेशाला प्रत्येकाने स्वतंत्र रिप्लाय करायचा, 'नमस्कार काका, वाचलं.' ग्रुपमध्ये नुसतं लिहायचं नाही. त्याच संदेशावर बोट ठेवून रिप्लाय. म्यूटवाल्या बाकीच्या सभासदांचे फोन शांत राहतात, वाजतो तो एकट्या काकांचा. त्यांनी ग्रुप म्यूट केला असला तरी.

दोनशे फ्लॅट आहेत. पावणेबारा ही वेळ चांगली.