नकाराची नजाकत

मुलाखतीनंतरच्या नकारपत्राला तोड नाही. ‘आपल्या अनुभवाने आम्ही प्रभावित झालो, मात्र स्पर्धा चुरशीची असल्याने अन्य उमेदवाराची निवड केली आहे. आपला बायोडेटा पुढील संधीसाठी जपून ठेवू.’ कारण विचारलंच, तर ‘अधिक अनुरूप उमेदवार मिळाला’. ‘पत्रिका जुळत नाही’ असं कळवणारी वरपक्षाची मंडळी आधी फक्त पोहे खात; इथे चार फेऱ्या आणि एक फुकटची असाइनमेंट.

ही शालीनता घरमालकालाही दाखवावी: ‘आपल्या भाडेवाढीने प्रभावित झालो; ती पुढील वर्षासाठी जपून ठेवत आहे.’

परवा एका निवडलेल्या उमेदवाराने नकारपत्राचा हाच मजकूर, फक्त नावं बदलून, कंपनीलाच पाठवला. एचआरने त्याला उद्धट ठरवलं. जपलेले बायोडेटा मात्र कुणी उघडले नाहीत. त्याच जागेची नवी जाहिरात आली आहे.