उणे शंभर ग्रॅमचं पोतं

लातूरच्या एका डाळ मिलनं उणे शंभर ग्रॅम वजनाचं पोतं तयार केलं आहे. विज्ञानाला अजून याची खबर नाही, कारण हा शोध प्रयोगशाळेत लागलेला नसून पॅकिंग लिस्टमध्ये लागला आहे, आणि पॅकिंग लिस्ट वाचायची सवय या देशात फार थोड्यांना आहे. मला आहे. नांदेडच्या नव्या मोंढ्यात बसून मी दुसऱ्यांनी बनवलेली डाळ तिसऱ्यांना विकतो. डाळ लातूरची, गिऱ्हाईक दुबईचं आणि डोकेदुखी नांदेडची, अशी ही वाटणी आहे.

माल होता तूरडाळीचा. पंचवीस किलोचं एक, अशी ९६० पोती, म्हणजे बरोबर २४,००० किलो. एक वीस फुटी कंटेनर. माल दोन लॉटचा, कारण मिलनं तो दोन वेळा काढला होता. ट्रक भरायच्या आधी मिलनं पॅकिंग लिस्ट पाठवायची, मी ती तपासायची, मग माझी लिस्ट आणि माझं बिल त्यावरून तयार व्हायचं, असा ठराव. लिस्ट वेळेवर आली, हे मिलचं कौतुक आधीच करून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा.

लिस्टमध्ये पहिला लॉट ५४० पोती, दुसरा ४४० पोती आणि खाली एकूण ९६०. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथून हाकेच्या अंतरावर दोन आकडे मिळवून तिसरा येत नव्हता. त्याखाली निव्वळ वजन २४,००० किलो, आणि ढोबळ वजन, म्हणजे पोत्यासकट, २३,९०४ किलो. आणि या सगळ्याच्या डोक्यावर मालाचं नाव: सोयाबीन डीओसी.

डीओसीचं कोडं सोपं होतं. मागच्या पार्टीला पेंड गेली असणार. ती फाईल उघडली, आकडे बदलले, कपाळ तसंच राहिलं. नवी लिस्ट कोऱ्या कागदावर कुणीच करत नाही. जुनीचेच कपडे नवीला चढवतात. म्हणून मी लिस्ट हातात आली की आकड्यांच्या आधी न बदलणाऱ्या जागा बघतो: मालाचं नाव, पार्टीचं नाव, पोत्यावरचा मार्का, तारीख. जिथं टाईप करणाऱ्याची नजर जात नाही तिथंच जुनी पार्टी लपून बसलेली असते.

वजनाचं कोडं मात्र मजेशीर होतं. पोत्यासकटचं वजन पोत्याविना वजनापेक्षा ९६ किलोनं कमी. ९६ ला ९६० नं भागा, पोत्यामागे शंभर ग्रॅम येतात. पांढऱ्या प्लास्टिकच्या विणीचं पंचवीस किलोचं रिकामं पोतं साधारण तेवढंच भरतं. म्हणजे आकडा बरोबर होता, हिशेब बरोबर होता, फक्त चिन्ह उलटं होतं. मिळवायच्या जागी वजा.

आता कुणी म्हणेल, निष्काळजीपणा. मी म्हणत नाही. ही लिस्ट करणाऱ्या मुनीमजींची उभी हयात मोंढ्यात गेली आहे. मोंढ्यात शेतकऱ्याचा माल पोत्यासकट काट्यावर चढतो आणि वजनातून बारदान वजा होतं. बारदान ही वजाच करायची गोष्ट, हे त्यांच्या हाडात मुरलेलं आहे. निर्यातीत उलटं असतं: मशीन आधी चोख पंचवीस किलो डाळ मोजून ओतते आणि पोत्याचं वजन वर चढतं. मोंढ्यात ढोबळ वजनापासून सुरुवात करून निव्वळ वजनाला पोचायचं, आणि इथं निव्वळपासून निघून ढोबळला. मुनीमजी रस्ता बरोबर चालले होते, फक्त उलट्या दिशेनं.

यात एवढं बिघडतं काय? तर व्यवहार होता बँकेच्या पतपत्रावर, म्हणजे एलसीवर. एलसीत बँकेला डाळीशी काही देणंघेणं नसतं. ती फक्त कागद पाहते. या कारभाराचे जगभर चालणारे नियम, २००७ पासून लागू असलेले यूसीपी ६००, तसं स्पष्टच म्हणतात. कागद हातात पडल्यावर तपासायला बँकेला पाच कामकाजाचे दिवस मिळतात, आणि त्या पाच दिवसांत तिथला माणूस माझं बिल, माझी लिस्ट आणि जहाजाची पावती शेजारी शेजारी ठेवून एकमेकांशी भांडणारे आकडे शोधतो. सापडले की पैसे अडतात. याच नियमांत एक सवलतही आहे: मालाचं प्रमाण पाच टक्के इकडंतिकडं झालं तर चालतं. पण एलसीत माल पोत्यांच्या संख्येनं लिहिला असेल, तर ती सवलत नाही. आमच्या एलसीत ९६० पोती असं लिहिलं होतं. ९५९ पोती दिली तरी मी चुकलो, ९६१ दिली तरी चुकलो. तुरीचा दाणा कमीजास्त चालला असता, पोतं नाही.

ढोबळ वजनाची गोष्ट तर बँकेच्याही आधी अडते. जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. त्यात माल, पोती, आतली बांधाबांध आणि खुद्द कंटेनरचं, त्याच्या दारावर लिहिलेलं वजन, सगळं येतं. तिथं २३,९०४ किलोंपासून सुरुवात केली, तर आपण खोटं बोलत आहोत हे बंदरावरच्या काट्याला आधी कळणार.

म्हणून ईमेल. आमच्या धंद्यात ईमेल लिहिणं हे जरा नाजूक काम आहे. शेठजींना फोन केला तर ते म्हणतात, "हो हो, करून टाकतो." आणि हो हो मध्ये लिखित काहीच उरत नाही. ईमेल केली तर शेठजींना वाटतं, एवढं काय झालं, कोर्टात जायचंय का? त्यातून मराठवाड्यात चूक दाखवायची म्हणजे आधी पाऊसपाणी, तब्येत आणि मुलाच्या नीटचा निकाल विचारावा लागतो. लातूरला तर नीटचा निकाल आधीच विचारावा, पावसाचं नंतर.

मी पाऊस आणि नीट दोन्ही फोनवर उरकले आणि ईमेल कोरडी ठेवली:

"नमस्कार शेठजी, तूरडाळ ९६० पोत्यांची पॅकिंग लिस्ट मिळाली. ट्रक भरण्याआधी तीन ठिकाणी दुरुस्ती हवी. मालाचं नाव सोयाबीन डीओसी पडलं आहे, ते तूरडाळ करावं. ढोबळ वजन निव्वळ वजनापेक्षा कमी आहे. एका पोत्याचं वजन १०० ग्रॅम धरलं तर २४,००० मध्ये ९६ मिळवून २४,०९६ किलो व्हायला हवं. रिकामी दहा पोती एकत्र तोलून पोत्याचं वजन कळवावं. दोन लॉटची बेरीज ९८० येते, एकूण मात्र ९६० लिहिले आहेत. कृपया गोदामात दोन्ही लॉटची पोती वेगवेगळी मोजून घ्यावीत आणि मग आकडे लिहावेत. नव्या लिस्टवर 'सुधारित' आणि आजची तारीख टाकावी. जुनी रद्द समजतो. सुधारित लिस्ट तपासून मी होकार कळवेपर्यंत ट्रक भरू नये."

यात एक जागा मुद्दाम रिकामी आहे. वजनाचा बरोबर आकडा मी लिहून दिला, लॉटचा दिला नाही. माझा अंदाज होता की पहिला लॉट ५२० चा असावा. पण मी ५२० लिहिलं असतं, तर मुनीमजींनी गोदामात न जाता ५२० टाईप केलं असतं. बेरीज जुळली असती, बँक खूश झाली असती, आणि पोत्यांवर छापलेले लॉट नंबर वेगळंच बोलत राहिले असते. वजन हे गणितानं काढता येतं. मोजणी मोजूनच करावी लागते. आणि ट्रकच्या काट्यावरही हे पकडता येत नाही. वीस पोती कमी असती तर पाचशे किलोंचा फरक काट्यानं लगेच दाखवला असता. पण एकूण ९६० च असतील, तर कुठल्या लॉटची किती, याचं काट्याला काय पडलंय? पुढं एका लॉटमध्ये कीड निघाली, तर दुबईचा माणूस लिस्ट घेऊन तेवढीच पोती बाजूला काढायला बघणार, आणि त्याच्या हाती भलतीच पोती लागणार.

उत्तर ईमेलनं आलं नाही. ईमेलचं उत्तर फोननं देणं ही आमच्याकडची रीत आहे.

"वाचलं तुमचं पत्र. पोरं मोजायलेत," मुनीमजी म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण आवाज मोंढ्यातल्या लिलावाएवढा होता. "ढगं यायलेत, आधी ट्रक भरून घेऊ का? कागद मागून पाठवतो."

"नको. आधी कागद."

"बरं. माल इथंच हाय म्हणा, कुठं जायलाय?"

तासाभरानं पुन्हा फोन. पहिला लॉट ५४०, दुसरा ४२०. म्हणजे माझा अंदाज ज्या ओळीवर होता ती ओळ धडधाकट होती आणि मला जी शहाणी वाटत होती तीच घसरली होती. दहा पोती एक किलोला सात-आठ ग्रॅम कमी भरली, तेव्हा शंभर ग्रॅम धरणं रास्तच ठरलं.

मग सुधारित लिस्ट आली. तूरडाळ. ५४०, ४२०, ९६०. निव्वळ २४,०००, ढोबळ २४,०९६. वर 'सुधारित', तारीख आजची. मी ती बिलाशी आणि एलसीशी ओळ न ओळ लावून पाहिली आणि होकार कळवायला फोन केला.

"एक विचारू का?" मुनीमजी म्हणाले. "हे जे छ्याण्णव किलो तुम्ही वाढवलेत, त्याचे पैसे पार्टी देणार का?"

"नाही. पैसे डाळीचेच, चोवीस हजारांचे."

"मग लिहायचं कशाला?"

"जहाजाला पोत्यासकट उचलावं लागतं ना, मुनीमजी."

पलीकडे थोडा वेळ फक्त गोदामातला गलका ऐकू आला.

"हां," ते म्हणाले, "म्हणजे हमालीत धरायचं. तसं सांगायचं की आधी!"